आयगेनव्हेक्टर स्वतंत्र असल्याची सिद्धता तिसऱ्या व्हेक्टरवर येऊन का मोडते?

लिनिअर अल्जेब्राच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक सिद्धता फार वेळा दिसते. पहिल्या सहा ओळी अगदी बरोबर असतात, शेवटी «म्हणून सर्व आयगेनव्हेक्टर स्वतंत्र आहेत» असं ठामपणे लिहिलेलं असतं, आणि तरीही निम्मे गुण गेलेले असतात. लिहिणाऱ्याला चूक सापडत नाही, कारण प्रत्येक ओळ वेगळी तपासली तर खरी निघते. चूक ओळींमध्ये नसून शेवटच्या दोन ओळींच्या मधल्या उडीत असते.

आधी विधान नीट मांडू. A ही एक चौरस मॅट्रिक्स आहे. v₁, v₂, …, vₖ हे तिचे आयगेनव्हेक्टर आहेत, म्हणजे यातला एकही शून्य व्हेक्टर नाही आणि प्रत्येकासाठी Avᵢ = λᵢvᵢ. शिवाय λ₁, λ₂, …, λₖ या सगळ्या आयगेनव्हॅल्यू एकमेकींपासून वेगळ्या आहेत. सिद्ध करायचं ते असं, की v₁, …, vₖ हे लिनिअरली इंडिपेंडंट आहेत. पुढे मी नुसतं «स्वतंत्र» म्हणेन.

स्वतंत्र असण्याचा अर्थ: c₁v₁ + c₂v₂ + … + cₖvₖ = 0 असं समीकरण कोणत्याही सहगुणकांसाठी खरं असेल, तर ते सगळे सहगुणक शून्यच असले पाहिजेत. यात दिशा महत्त्वाची आहे. «सगळे c शून्य घेतले तर बेरीज शून्य येते» हे जगातल्या कुठल्याही व्हेक्टरांसाठी खरं आहे, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. सुरुवात बेरीज शून्य असण्यापासून करायची आणि सहगुणकांपर्यंत पोहोचायचं. c म्हणजे काय हे आपण ठरवत नाही. ते कोणीतरी आपल्या हातात दिलेले आहेत, आणि ते शून्य आहेत हे आपल्याला शोधून काढायचं आहे.

मोडणारी सिद्धता

बहुतेक वेळा लिहिलं जातं ते असं:

```
समजा vⱼ = t vᵢ.
दोन्ही बाजूंना A लावू:   Avⱼ = t Avᵢ
म्हणजे                   λⱼvⱼ = t λᵢvᵢ = λᵢvⱼ
म्हणजे                   (λⱼ − λᵢ) vⱼ = 0
λⱼ ≠ λᵢ, म्हणून vⱼ = 0. हा विरोधाभास.
म्हणून कोणताही vⱼ दुसऱ्या vᵢ च्या पटीत नाही.
म्हणून v₁, …, vₖ स्वतंत्र आहेत.
```

शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं निर्दोष आहे. आयगेनव्हेक्टर दोनच असते, तर सिद्धता इथेच पूर्ण झाली असती, कारण शून्य नसलेले दोन व्हेक्टर स्वतंत्र नसतील तर त्यातला एक दुसऱ्याच्या पटीत असतोच. पण शेवटची ओळ म्हणते की कुठल्याही दोघांची जोडी स्वतंत्र असली, की सगळा गट स्वतंत्र असतो. हे विधान खोटं आहे.

खोटं आहे हे पाहायला प्रतलातले तीन व्हेक्टर पुरतात: (1, 0), (0, 1) आणि (1, 1). यातली कोणतीही जोडी घ्या, एक दुसऱ्याच्या पटीत नाही. तरीही (1, 0) + (0, 1) − (1, 1) = (0, 0). सहगुणक 1, 1 आणि −1 आहेत, शून्य नाहीत. म्हणजे जोड्या सगळ्या स्वतंत्र, पण तिघांचा गट स्वतंत्र नाही. तिसरा व्हेक्टर कुठल्या एकाच्या पटीत नसतो, पण दोघांच्या मिश्रणातून तयार होऊ शकतो. जोड्या तपासताना ही शक्यता आपण पाहिलेलीच नसते.

इथे एक शंका हमखास येते: «पण हे तीन व्हेक्टर वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे कुठे आहेत? मग हे उदाहरण माझ्या सिद्धतेला लागू कसं?» शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर समजणं हाच या दुरुस्तीचा गाभा आहे. हे उदाहरण मूळ प्रमेय खोटं ठरवत नाही. प्रमेय खरंच आहे. ते तुमच्या सिद्धतेतली शेवटची पायरी खोटी ठरवतं. ती पायरी लिहिताना तुम्ही फक्त «कोणताही एक दुसऱ्याच्या पटीत नाही» एवढीच माहिती वापरली. A चा किंवा λ चा त्या ओळीत उल्लेखही नाही. मग जिथे जिथे तेवढी माहिती आहे तिथे तिथे ती पायरी चालली पाहिजे, आणि (1, 0), (0, 1), (1, 1) यांच्यावर ती चालत नाही. निष्कर्ष खरा असणं आणि तिथवर नेणारी पायरी वैध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षक दुसरी तपासतो.

ही कसोटी कुठल्याही पायरीला लावता येते. पायरी बाजूला काढा, तिच्यात प्रत्यक्ष वापरलेली गृहीतकं तेवढीच कागदावर ठेवा आणि विचारा: एवढ्यावरून हा निष्कर्ष निघतो का? दुसरं एखादं उदाहरण ती गृहीतकं पाळून निष्कर्ष मोडत असेल, तर पायरी गेली.

दुसरी मोडतोड: सहगुणकांची तुलना

जोड्यांची अडचण लक्षात आल्यावर पुढचा प्रयत्न साधारण असा होतो. तीन व्हेक्टर घेतात आणि समजा v₃ = a v₁ + b v₂ म्हणतात. दोन्ही बाजूंना A लावला की λ₃v₃ = aλ₁v₁ + bλ₂v₂. डावीकडे v₃ च्या जागी पुन्हा a v₁ + b v₂ ठेवलं:

```
aλ₃v₁ + bλ₃v₂ = aλ₁v₁ + bλ₂v₂
```

आता «दोन्ही बाजूंचे सहगुणक सारखे, म्हणून aλ₃ = aλ₁ आणि bλ₃ = bλ₂; λ वेगळ्या असल्याने a = b = 0; म्हणून v₃ = 0, विरोधाभास».

ही सिद्धता पहिलीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. पण «सहगुणक सारखे» हे शब्द तपासा. एकाच व्हेक्टरला v₁ आणि v₂ च्या दोन मिश्रणांत लिहिलं, तर सहगुणक जुळलेच पाहिजेत असं आपण कधी म्हणू शकतो? फक्त v₁ आणि v₂ स्वतंत्र असतील तेव्हा. (1, 0) आणि (2, 0) घेतले, तर 2·(1, 0) + 0·(2, 0) आणि 0·(1, 0) + 1·(2, 0) हे दोन्ही (2, 0) च आहेत, सहगुणक मात्र जुळत नाहीत. म्हणजे सहगुणकांच्या तुलनेत स्वातंत्र्य गुपचूप वापरलं गेलं आहे, आणि स्वातंत्र्य तर आपल्याला सिद्ध करायचं आहे.

तीन व्हेक्टरांच्या बाबतीत हे सावरता येतं. वरच्या जोडीच्या सिद्धतेने v₁ आणि v₂ स्वतंत्र आहेत हे आधीच मिळालं आहे. «आधी सिद्ध केल्याप्रमाणे v₁, v₂ स्वतंत्र आहेत, म्हणून» एवढे शब्द घातले, की सिद्धता उभी राहते. चार व्हेक्टरांसाठी मग तिघांचं स्वातंत्र्य हवं, पाचांसाठी चौघांचं. ही साखळी नीट बांधली की तिलाच इंडक्शन म्हणतात. न बांधता तुलना केली तर सिद्धता वर्तुळात फिरते.

याच प्रयत्नात काही जण λ₃v₃ = aλ₁v₁ + bλ₂v₂ ला λ₃ ने भागतात, म्हणजे v₃ ची दोन रूपं मिळून तुलना सोपी होते. यात आणखी एक भोक आहे. आयगेनव्हेक्टर शून्य नसतो, पण आयगेनव्हॅल्यू शून्य असू शकते. पुढच्या उदाहरणात मी ती मुद्दाम शून्य ठेवली आहे.

दुरुस्ती: एक अवयव एका व्हेक्टरला पुसतो

दुरुस्तीची मूळ कल्पना एका ओळीची आहे. A च्या ऐवजी A − μI ही मॅट्रिक्स लावून पाहा, जिथे μ ही कोणतीही संख्या आणि I ही आयडेंटिटी मॅट्रिक्स. आयगेनव्हेक्टर vᵢ वर ती काय करते?

```
(A − μI) vᵢ = Avᵢ − μvᵢ = (λᵢ − μ) vᵢ
```

व्हेक्टर तोच राहतो, फक्त (λᵢ − μ) या संख्येने गुणला जातो. आता μ = λᵢ निवडलं तर vᵢ पुसला जातो. दुसरी कुठली आयगेनव्हॅल्यू निवडली तर vᵢ शिल्लक राहतो, कारण λᵢ − μ शून्य नसतं. म्हणजे आपल्या हातात एक निवडक खोडरबर आला: A − λ₂I लावा, v₂ जातो, बाकीचे राहतात. v₁ सोडून इतर सगळे एकेक करून पुसले, तर समीकरणात फक्त c₁ उरेल आणि त्याच्याविषयी थेट बोलता येईल.

हे प्रत्यक्ष आकड्यांत करू.

```
      2  1  0
A  =  0  3  1
      0  0  0
```

ही वरच्या त्रिकोणाची मॅट्रिक्स आहे, त्यामुळे आयगेनव्हॅल्यू कर्णावर दिसतात: 2, 3 आणि 0. आयगेनव्हेक्टर काढले तर λ₁ = 2 साठी v₁ = (1, 0, 0), λ₂ = 3 साठी v₂ = (1, 1, 0) आणि λ₃ = 0 साठी v₃ = (1, −2, 6) मिळतात. शेवटचा तपासून घ्या: पहिल्या ओळीतून 2 − 2 = 0, दुसऱ्यातून −6 + 6 = 0, तिसऱ्यातून 0. म्हणजे Av₃ = 0 = 0·v₃, आणि v₃ स्वतः शून्य नाही.

आता समजा c₁v₁ + c₂v₂ + c₃v₃ = 0. c₁ शोधायचा आहे, म्हणून v₂ आणि v₃ पुसायचे. आधी A − 3I लावू. v₁ ला (2 − 3) = −1 ने गुणलं जाईल, v₂ जाईल, v₃ ला (0 − 3) = −3 ने गुणलं जाईल:

```
−c₁v₁ − 3c₃v₃ = 0
```

यावर विश्वास बसत नसेल तर v₃ चा गुणाकार हाताने करा. A − 3I च्या ओळी (−1, 1, 0), (0, 0, 1) आणि (0, 0, −3) आहेत. त्यांनी (1, −2, 6) ला गुणलं की (−3, 6, −18) येतो, म्हणजे −3·(1, −2, 6). 

मग v₃ पुसायला A − 0·I, म्हणजे नुसता A लावायचा. v₁ ला 2 ने गुणलं जातं, v₃ जातो:

```
−2c₁v₁ = 0
```

v₁ शून्य व्हेक्टर नाही आणि −2 ही संख्या शून्य नाही, म्हणून c₁ = 0. कुठेही λ ने भागावं लागलं नाही, त्यामुळे शून्य आयगेनव्हॅल्यूने काही अडवलं नाही. उलट तिचा व्हेक्टर पुसणं सर्वांत सोपं झालं.

c₂ साठी पुन्हा मूळ समीकरणापासून सुरुवात करून A − 2I आणि मग A लावा: v₂ वर (3 − 2)(3 − 0) = 3 येतं, 3c₂v₂ = 0, म्हणून c₂ = 0. c₃ साठी A − 2I आणि A − 3I: v₃ वर (0 − 2)(0 − 3) = 6 येतं, 6c₃v₃ = 0, म्हणून c₃ = 0. तिन्ही शून्य, काम झालं.

हे तीन व्हेक्टर स्वतंत्र आहेत हे डिटर्मिनंट काढूनही कळलं असतं, तो 6 येतो. पण डिटर्मिनंट या एका मॅट्रिक्सविषयी बोलतो. वरची पद्धत 2, 3, 0 या आकड्यांवर अवलंबून नाही, ते वेगळे आहेत एवढ्यावरच अवलंबून आहे. म्हणून ती जशीच्या तशी सर्वसाधारण सिद्धतेत उचलता येते.

पूर्ण सिद्धता

समजा c₁v₁ + … + cₖvₖ = 0. 1 ते k मधला कोणताही एक क्रमांक i निवडा आणि तो धरून ठेवा. i सोडून बाकी प्रत्येक j साठी A − λⱼI हा अवयव घ्या, आणि या सगळ्या अवयवांचा गुणाकार B म्हणा.

आता B प्रत्येक vₘ वर काय करतो ते पाहू. प्रत्येक अवयव vₘ ला एका संख्येने गुणतो, म्हणून सगळे अवयव लागल्यावर Bvₘ म्हणजे (λₘ − λⱼ) या सगळ्या संख्यांचा गुणाकार गुणिले vₘ. m हा i पेक्षा वेगळा असेल, तर j च्या यादीत m सुद्धा आहे, त्यामुळे एक संख्या λₘ − λₘ = 0 आहे आणि Bvₘ = 0. m = i असेल, तर प्रत्येक संख्या λᵢ − λⱼ आहे जिथे j ≠ i. आयगेनव्हॅल्यू वेगळ्या असल्याने यातली एकही शून्य नाही. त्यांच्या गुणाकाराला d म्हणू; d ≠ 0 आणि Bvᵢ = d vᵢ.

मूळ समीकरणाच्या दोन्ही बाजूंना B लावला की cᵢ d vᵢ = 0 एवढंच उरतं. vᵢ ≠ 0, म्हणून cᵢ d = 0; d ≠ 0, म्हणून cᵢ = 0. i कोणताही घेतला होता, त्यामुळे सगळे सहगुणक शून्य आहेत. सिद्धता संपली.

नव्याने सिद्धता लिहायला शिकणाऱ्याला मी हीच पद्धत आधी सुचवेन. यात विरोधाभास नाही, इंडक्शन नाही, «सर्वांत लहान संबंध घ्या» अशी युक्ती नाही. सरळ दिलेल्या गोष्टीवरून हव्या त्या गोष्टीकडे जातो. B मधल्या अवयवांचा क्रम कोणता, हा प्रश्नही पडायला नको. ते अवयव एकमेकांशी अदलाबदल करता येतात हे खरं आहे, पण इथे त्याची गरजच नाही. आयगेनव्हेक्टरवर प्रत्येक अवयव फक्त एका संख्येने गुणतो, आणि संख्यांचा क्रम कसाही चालतो.

सिद्धता तपासताना पेन्सिलीने दोन जागा गोल करा: «vᵢ ≠ 0» कुठे वापरलं आणि «λ वेगळ्या आहेत» कुठे वापरलं. वर पहिलं cᵢ d vᵢ = 0 वरून cᵢ d = 0 काढताना आलं, दुसरं d ≠ 0 म्हणताना. तुमच्या सिद्धतेत या दोनपैकी एक गोल सापडला नाही, तर कुठेतरी उडी आहे, कारण दोन्हीपैकी कोणतंही गृहीतक काढलं तर प्रमेय खोटं होतं.

दुसरं गृहीतक काढल्यावर सिद्धता नेमकी कुठे थांबते हे पाहण्यासारखं आहे. कर्णावर 5, 1, 1 आणि बाकी शून्य असलेली मॅट्रिक्स घ्या. v₁ = (1, 0, 0) हा 5 चा, v₂ = (0, 1, 0) आणि v₃ = (0, 2, 0) हे दोन्ही 1 चे. c₁ साठी d = (5 − 1)(5 − 1) = 16, म्हणून c₁ = 0 निघतो. c₂ साठी मात्र d = (1 − 5)(1 − 1) = 0, आणि 0·c₂v₂ = 0 वरून काहीच कळत नाही. ते योग्यच आहे, कारण 2v₂ − v₃ = 0 हा खराखुरा संबंध तिथे बसलेला आहे. निरोगी सिद्धता खोट्या विधानावर चालवली, की ती अशी एका ठराविक जागी अडते. अडलीच नाही तर ती मुळात काही तपासत नव्हती.

इंडक्शननेच लिहायचं असेल तर

अनेक अभ्यासक्रमांत इंडक्शनची सिद्धता अपेक्षित असते, आणि तिच्यात दोन ठिकाणी गुण जातात. ती अशी: k = 1 असताना c₁v₁ = 0 आणि v₁ ≠ 0, म्हणून c₁ = 0. आता वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे कोणतेही k − 1 आयगेनव्हेक्टर स्वतंत्र असतात असं धरा. k व्हेक्टरांचं समीकरण घेऊन त्याला A − λₖI लावा, शेवटचा व्हेक्टर पुसला जातो:

```
c₁(λ₁ − λₖ)v₁ + … + cₖ₋₁(λₖ₋₁ − λₖ)vₖ₋₁ = 0
```

पहिली घसरण इथे होते. उरलेले k − 1 व्हेक्टर स्वतंत्र आहेत म्हणून लगेच «c₁ = … = cₖ₋₁ = 0» लिहिलं जातं. पण या समीकरणातले सहगुणक c नाहीत, cᵢ(λᵢ − λₖ) आहेत. स्वातंत्र्यामुळे तेच शून्य ठरतात. तिथून cᵢ = 0 वर यायला λᵢ − λₖ ≠ 0 हे वेगळं लिहावं लागतं, आणि वेगळेपणाचं गृहीतक वापरलं जाण्याची ही एकमेव जागा आहे. ती ओळ गाळली, तर वाचणाऱ्याला गृहीतक कुठेच दिसत नाही.

दुसरी घसरण शेवटी होते. cₖ विसरला जातो. पुसताना vₖ गेला, त्यामुळे नव्या समीकरणात cₖ चा पत्ताच नाही आणि सगळे सहगुणक मिळाले असं वाटतं. परत मूळ समीकरणाकडे जाऊन, बाकीचे सगळे शून्य झाल्यावर cₖvₖ = 0 उरतं आणि vₖ ≠ 0 म्हणून cₖ = 0, हे लिहायचं आहे.

प्रमेयाकडून नको तेवढं मागू नका

सिद्धता बरोबर येऊ लागली, की तिच्यातून जास्तीचे निष्कर्ष काढण्याची चूक सुरू होते. स्वतंत्र म्हणजे परस्परांना लंब नव्हे. वरच्या उदाहरणात v₁ आणि v₂ यांचा डॉट प्रॉडक्ट 1 आहे. लंब असण्यासाठी मॅट्रिक्स सिमेट्रिक असण्यासारखी आणखी अट लागते, आणि त्याची सिद्धताही वेगळी आहे.

उलट दिशाही खरी नाही. आयगेनव्हेक्टर स्वतंत्र आहेत म्हणून आयगेनव्हॅल्यू वेगळ्या असतील असं नाही. आयडेंटिटी मॅट्रिक्सला एकच आयगेनव्हॅल्यू 1 आहे, तरी (1, 0) आणि (0, 1) हे तिचे स्वतंत्र आयगेनव्हेक्टर आहेत. दुसऱ्या टोकाला (1, 1) आणि (0, 1) या ओळींची मॅट्रिक्स घ्या. तिलाही एकच आयगेनव्हॅल्यू 1 आहे, पण सगळे आयगेनव्हेक्टर (1, 0) च्याच पटीत आहेत. आयगेनव्हॅल्यू पुन्हा पुन्हा आली, की हे प्रमेय त्या एका आयगेनव्हॅल्यूच्या आतल्या व्हेक्टरांविषयी काहीही सांगत नाही. तिथे किती स्वतंत्र आयगेनव्हेक्टर मिळतात हे (A − λI)v = 0 सोडवूनच पाहावं लागतं.

जे नक्की मिळतं ते असं: n×n मॅट्रिक्सला n पेक्षा जास्त वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यू असू शकत नाहीत, कारण n घटकांचे n + 1 व्हेक्टर स्वतंत्र असूच शकत नाहीत. आणि नेमक्या n वेगळ्या आयगेनव्हॅल्यू असतील, तर त्यांचे आयगेनव्हेक्टर मिळून बेसिस होतो आणि मॅट्रिक्स डायगोनलाइझ करता येते. आपल्या 2, 3, 0 वाल्या मॅट्रिक्सचं तसंच आहे.

शेवटी एक गोष्ट, जी डिटर्मिनंटच्या सिद्धतेतून दिसत नाही. वरच्या पूर्ण सिद्धतेत A ही मॅट्रिक्स आहे हे आपण कुठेच वापरलं नाही. ती बेरीज आणि संख्येने गुणणं यांचा मान राखते, म्हणजे लिनिअर आहे, एवढंच वापरलं. त्यामुळे A च्या जागी डिफरन्शिएशन D ठेवलं तरी सिद्धता तशीच चालते. D लावल्यावर eˣ चं eˣ च येतं, e²ˣ चं 2e²ˣ, e⁻ˣ चं −e⁻ˣ. म्हणजे ही तीन फलनं D चे आयगेनव्हेक्टर आहेत, आयगेनव्हॅल्यू 1, 2 आणि −1. समजा प्रत्येक x साठी c₁eˣ + c₂e²ˣ + c₃e⁻ˣ = 0. c₂ हवा आहे, म्हणून D − 1 आणि D + 1 लावा. e²ˣ वर (2 − 1)(2 + 1) = 3 येतं, बाकीचे दोन्ही पुसले जातात, 3c₂e²ˣ = 0 उरतं आणि c₂ = 0. याच रीतीने c₁ आणि c₃. इथे व्हेक्टरांना मोजता येण्याजोगे घटकच नाहीत, अवकाशाची मिती अनंत आहे, आणि वेगवेगळ्या घातांकांची अशी कितीही फलनं घेतली तरी ती स्वतंत्रच निघतात.